शब्द मोडून केलेले अनेकवचन

अरबी भाषेत अनेकवचन दोन रीतींनी होते. पहिली रीत सोपी आहे. शब्द आहे तसा ठेवायचा आणि शेवटी प्रत्यय जोडायचा. मुदर्रिस म्हणजे शिक्षक, त्याचे अनेकवचन मुदर्रिसून. मुदर्रिसा म्हणजे शिक्षिका, तिचे अनेकवचन मुदर्रिसात. दुसऱ्या रीतीत बहुधा शेवटी काहीच लागत नाही. शब्दातली व्यंजने त्याच क्रमाने राहतात आणि त्यांच्यामधले स्वर बदलतात. किताबचे कुतुब होते, कल्ब म्हणजे हृदय, त्याचे कुलूब होते. एकवचनाचा मूळ आकार यात मोडतो, म्हणून अरब वैयाकरणांनी या प्रकाराला ‘जमअ तक्सीर’, म्हणजे मोडून केलेले अनेकवचन, असे नाव दिले. पहिल्या प्रकाराला ते ‘जमअ सालिम’, म्हणजे धड राहिलेले अनेकवचन म्हणतात.

अरबी न शिकलेल्या मराठी माणसाच्या तोंडीही अशी मोडकी अनेकवचने रोज असतात. फारसीच्या वाटेने ती मराठीत आली आणि येताना बहुतेकांचे अनेकवचनपण गळून पडले. हालचे अनेकवचन अहवाल, खबरचे अखबार, वलीचे अवलिया, नाइबचे नवाब, तारीखचे तवारीख. ‘अमीर-उमराव’ या जोडशब्दातला दुसरा शब्द पहिल्याचेच अनेकवचन आहे. कायदा आणि कवायत यांचे नातेही तेच. मराठीत अहवाल एक असतो आणि तो सादर केला जातो. अरबीत अहवाल म्हणजे अनेक स्थिती. पण अहवाल, अखबार, औलाद हे तीन शब्द एकापाठोपाठ उच्चारले की त्यांची चाल एकच असल्याचे कानाला लगेच कळते. आधी ‘अ’, मग दोन व्यंजने, मग दीर्घ ‘आ’, शेवटी तिसरे व्यंजन. या चालीला अरबी व्याकरणात ‘वज्न’ म्हणतात. मराठीतले वजन तेच.

अशी वजने व्याकरणाच्या मोठ्या ग्रंथांत तीसच्या आसपास मांडलेली असतात. नेहमीच्या वाचनात त्यांपैकी डझनभरच वारंवार भेटतात. वैयाकरण ती फ-अ-ल या नमुना-धातूवर बसवून दाखवतात, पण देवनागरीत ती रीत गोंधळाची होते. म्हणून येथे प्रत्येक साच्याला त्यातल्या एका परिचित शब्दाचेच नाव दिले आहे. अरबीतले दोन-तीन वेगवेगळे ‘स’ आणि ‘त’ देवनागरीत एकाच अक्षराने लिहावे लागतात. त्याने या विषयात काही बिघडत नाही. ऱ्हस्व-दीर्घ मात्र नीट पाहावे लागते, कारण सगळा खेळ त्यांचाच आहे.

अनेकवचन ओळखायला बसणाऱ्याने पहिला प्रश्न साच्याचा विचारू नये; शब्द मोडायचा आहे की नाही, हे आधी पाहावे. ‘मु’ने सुरू होणारी आणि काम करणारा माणूस दाखवणारी धातुसाधित नामे सहसा मोडत नाहीत: मुस्लिमून, मुहन्दिसून म्हणजे अभियंते. खब्बाज म्हणजे पाव भाजणारा, अशी मधले व्यंजन दुप्पट असलेली धंद्यांची नावेही धड राहतात: खब्बाजून. इज्तिमाअ म्हणजे सभा, यांसारख्या लांबलचक भाववाचक नामांना ‘आत’ लागतो: इज्तिमाआत. ही मंडळी बाजूला काढली की उरलेल्यांत मोडण्याची शक्यता बरीच वाढते.

उरलेल्यांतही सर्वांत भरवशाचा गट चार व्यंजनांच्या शब्दांचा आहे. येथे अंदाज फारसा करावाच लागत नाही, कृती ठरलेली आहे. मक्तब म्हणजे कार्यालय. त्यातली व्यंजने म, क, त, ब. पहिल्यानंतर ऱ्हस्व ‘अ’, दुसऱ्यानंतर दीर्घ ‘आ’, तिसऱ्यानंतर ‘इ’ घातला की मकातिब तयार. मस्जिदचे मसाजिद, मन्जिलचे मनाजिल, फुन्दुक म्हणजे हॉटेल, त्याचे फनादिक. मद्रसा या शब्दाच्या शेवटचा ‘आ’ स्त्रीलिंगाचा आहे. तो आधी उतरवून ठेवायचा आणि म, द, र, स यांवर तीच कृती करायची: मदारिस. एकवचनातले मूळचे स्वर कोणते होते, याला येथे किंमत नाही. मस्जिदमधला ‘इ’ आणि फुन्दुकमधला ‘उ’ दोन्ही पुसले जातात.

एक गोष्ट मात्र पुसली जात नाही, आणि तीच शिकणाऱ्याच्या हातची किल्ली आहे. एकवचनाचा शेवटचा स्वर दीर्घ असेल, तर अनेकवचनातला शेवटचा ‘इ’ही दीर्घ होतो. मिफ्ताह म्हणजे किल्ली. शेवटी ‘आ’ दीर्घ, म्हणून मफातिह न होता मफातीह. सुल्तानचे सलातीन, संदूकचे सनादीक, दुक्कानचे दकाकीन. दुक्कानमधला जोड ‘क’ दोन व्यंजने म्हणून मोजायचा, हे येथे ध्यानात येते. मक्तब आणि मक्तूब (लिहिलेले पत्र) यांची व्यंजने एकच आहेत, पण पहिल्याचे मकातिब आणि दुसऱ्याचे मकातीब. स्वराचा जातिधर्म हरवतो, लांबी टिकते.

तीनच मूळ व्यंजने असलेले, पण आत कुठेतरी दीर्घ स्वर असलेले पुष्कळ शब्दही याच कृतीत बसतात. दीर्घ स्वराला एका व्यंजनाची जागा दिली की झाले. दीर्घ ‘आ’ पहिल्या व्यंजनानंतर असेल, तर त्याच्या जागी ‘व’ येतो: शारिअ म्हणजे रस्ता, त्याचे शवारिअ, कायदा म्हणजे अरबीतले काइदा, त्याचे कवाइद, साहिल म्हणजे किनारा, त्याचे सवाहिल. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या स्वाहिली भाषेचे नाव या सवाहिलवरूनच पडले आहे. दीर्घ स्वर दुसऱ्या व्यंजनानंतर असेल आणि शब्द स्त्रीलिंगी ‘आ’ने संपत असेल, तर त्या स्वराच्या जागी किंचित थांबा घेऊन उच्चारलेला ‘इ’ येतो: रिसाला म्हणजे पत्र, रसाइल, जरीदा म्हणजे वर्तमानपत्र, जराइद, कबीला, कबाइल. वरवर तीन वेगळे साचे दिसतात. आतून तो एकच आहे. ‘मदीना’चे, म्हणजे शहराचे, रूढ अनेकवचन मात्र मुदुन आहे. तेव्हा या शेवटच्या गटात कोशाकडे एक नजर टाकलेली बरी.

पाच व्यंजने झाली तर काय होते? साच्यात चारच खण आहेत, म्हणून एक व्यंजन बाहेर पडते. बर्नामज म्हणजे कार्यक्रम, हा फारसीतून आलेला शब्द. त्याचे बरामिज होते आणि ‘न’ गळतो. अन्कबूत म्हणजे कोळी, त्याच्या अनाकिबमध्ये शेवटचा ‘त’ उरत नाही. परक्या शब्दांनाही अरबी भाषा असेच साच्यात ओतते, हे तिचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल. फिल्मचे अफ्लाम, बँकचे बुनूक, कुन्सुल म्हणजे परदेशी वकिलातीतला अधिकारी, त्याचे कनासिल. कंप्युटर, टेलिफोन यांसारखे शब्द साच्यात मावत नाहीत, तेव्हा त्यांना निमूटपणे ‘आत’ जोडला जातो.

हे साचे असे का आहेत, याचे एक पटणारे उत्तर जॉन मॅकार्थी आणि अ‍ॅलन प्रिन्स या भाषावैज्ञानिकांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात दिले. त्यांचे म्हणणे मराठी वाचकाला वृत्तांच्या परिभाषेत चटकन समजते. मोडक्या अनेकवचनाच्या सर्वाधिक चालणाऱ्या साच्यांची सुरुवात लघु-गुरूने होते. मकातिबमध्ये ‘म’ लघु, ‘का’ गुरू. शवारिअ, रसाइल, सलातीन यांत तेच. कुलूब आणि रिजाल हे छोटे शब्दही लघु-गुरूच आहेत. म्हणजे पाठ करायची ती तीस वेगवेगळी सूत्रे नव्हेत. बऱ्याच ठिकाणी एकच ठेका आहे आणि उरलेली व्यंजने त्याच्या मागे येतात. कुतुबसारखे दोन लघूंचे साचे या ठेक्यात बसत नाहीत, पण त्यांचे शब्दही त्या मानाने कमी आहेत.

तीन व्यंजनांच्या आखूड शब्दांकडे वळले की हमी संपते आणि अंदाज सुरू होतो. तरी हा अंदाज अंधारातला नाही. कल्बसारखा, मधल्या व्यंजनाला स्वर नसलेला आणि ‘अ’ने चालणारा शब्द दिसला, तर पहिला कौल कुलूब-साच्याला द्यावा: हर्फ-हुरूफ, दर्स-दुरूस, फन्न-फुनून. कलमसारखा दोन ऱ्हस्व ‘अ’ असलेला शब्द दिसला, तर कौल अहवालच्या चालीला: कलम-अक्लाम, वलद-औलाद, सबब-असबाब. मधल्या व्यंजनाला स्वर नाही पण आधी ‘इ’ किंवा ‘उ’ आहे, तेव्हाही तीच चाल अधिक संभवते: हिज्ब म्हणजे पक्ष, अहजाब, हुक्म, अहकाम. इल्मचे उलूम होते, हा या नियमाला बसणारा ठळक धक्का. जबल म्हणजे डोंगर, त्याचे जिबाल आणि रजुल म्हणजे पुरुष, त्याचे रिजाल, हेही कौलाच्या विरुद्ध जातात.

मधले व्यंजन ‘व’ किंवा ‘य’ असेल तर अंदाज बराच पक्का होतो. ‘व’ असलेले शब्द अहवालच्या चालीने जातात: लौन म्हणजे रंग, अल्वान, नौअ म्हणजे प्रकार, अन्वाअ, बाब म्हणजे दार, अब्वाब. बाब, माल, हाल यांत ‘व’ डोळ्यांना दिसत नाही, पण त्यांच्या अनेकवचनात तो बाहेर येतो: अब्वाब, अम्वाल, अहवाल. ‘य’ असलेले शब्द कुलूबच्या चालीने जातात: बैत म्हणजे घर, बुयूत; सैफ म्हणजे तलवार, सुयूफ; शैख, शुयूख. स्त्रीलिंगी ‘आ’ लागलेले आखूड शब्द याहूनही सरळ आहेत. गुर्फा म्हणजे खोली, तिचे गुरफ. किस्सा म्हणजे गोष्ट, तिचे किसस. शेवटचा ‘आ’ काढायचा, मध्ये ‘अ’ सोडायचा आणि पहिला स्वर जपायचा.

माणसांच्या नावांना स्वतःचे साचे आहेत, आणि अर्थाचा उपयोग अंदाजासाठी सर्वांत जास्त येथेच होतो. वजीरसारख्या शब्दांचे वुजरा: अमीर-उमरा, फकीर-फुकरा, गरीब-गुरबा. हा शेवटचा शब्दही मराठीला ‘गोरगरीब’च्या शेजारी ‘गरीबगुरबा’ म्हणून ओळखीचा आहे. अशा शब्दाचे शेवटचे अक्षर दुबळे असेल किंवा शेवटची दोन व्यंजने एकच असतील, तर साचा बदलतो: नबी-अंबिया, वली-औलिया, तबीब म्हणजे वैद्य, अतिब्बा. ताजिरसारखा ‘करणारा’ दाखवणारा शब्द माणसाचा असेल, तर तुज्जार: हाकिम-हुक्काम, कातिब-कुत्ताब. तोच आकार वस्तूचा असेल, तर शवारिअची चाल. आमिल या एकाच शब्दाला म्हणूनच दोन अनेकवचने आहेत. कामगार या अर्थी उम्माल आणि एखाद्या परिणामामागचा घटक या अर्थी अवामिल. शाइर (कवी) आणि आलिम (विद्वान) मात्र आपल्या आकाराला न जुमानता वुजराच्या पंगतीत जाऊन बसतात: शुअरा, उलमा.

एका शब्दाला दोन अनेकवचने असणे ही तशी नवलाची गोष्ट नाही. कधी ती अर्थ वाटून घेतात: बैत म्हणजे घर तेव्हा बुयूत, आणि बैत म्हणजे कवितेतली द्विपदी तेव्हा अबयात. कधी ती संख्या वाटून घेतात. जुन्या वैयाकरणांच्या मते काही साचे तीन ते दहा अशा थोडक्या वस्तूंसाठी होते. शह्र म्हणजे महिना, त्याचे थोडक्यांसाठी अश्हुर आणि पुष्कळांसाठी शुहूर. आजच्या अरबीत हा भेद बराच पुसट झाला असला, तरी तीन-चार महिने मोजताना अश्हुरच कानावर येते.

अनेकवचन हाती आले तरी वाक्य अजून बनलेले नसते. विशेषण, क्रियापद, सर्वनाम या सगळ्यांना त्याच्याशी जुळवून घ्यावे लागते. वैयाकरण येथे नामांची विभागणी ‘आकिल’ आणि ‘गैर-आकिल’ अशी करतात. म्हणजे अक्कल असलेले आणि नसलेले. माणसे, तसेच देवदूत, पहिल्या गटात. वस्तू, कल्पना आणि सगळे प्राणी दुसऱ्यात. नियम असा की अक्कल नसलेल्यांचे अनेकवचन वाक्यात एकवचनी स्त्रीलिंगी धरले जाते. किताब पुल्लिंगी आहे, म्हणून एका नव्या पुस्तकाला ‘किताब जदीद’ म्हणतात. पुस्तके अनेक झाली की ‘कुतुब जदीदा’. ‘ही पुस्तके’ म्हणताना दर्शक सर्वनाम एकवचनी स्त्रीलिंगी ‘हाजिही’ येते. पुस्तके आली तर क्रियापद ‘वसलत’, म्हणजे शब्दशः ‘ती आली’. कुत्रे भुंकतात तेव्हाही क्रियापद एकवचनी स्त्रीलिंगीच असते.

माणसांबाबत विशेषणालाही अनेकवचनात जावे लागते, आणि पुष्कळदा तेही मोडलेले असते. जदीदचे जुदुद, कबीरचे किबार. नवे व्यापारी ‘तुज्जार जुदुद’, मोठी माणसे ‘रिजाल किबार’. क्रियापद मात्र आपली जागा पाहून वागते. कर्त्याच्या आधी आले तर एकवचनी राहते: ‘वसल अत्-तुज्जार’. कर्त्यानंतर आले तर अनेकवचनी होते: ‘अत्-तुज्जार वसलू’. दोन्हींचा अर्थ ‘व्यापारी आले’ असाच. मोडक्या अनेकवचनाच्या कर्त्याआधी स्त्रीलिंगी एकवचनी क्रियापदही व्याकरणाला मान्य आहे, मग कर्ते पुरुष का असेनात. समूहाची नावे येथे चकवतात. शुऊब म्हणजे जनसमूह आणि दुवल म्हणजे राष्ट्रे, दोन्हींत माणसेच असतात. पण शब्द माणसाचा नाही, समूहाचा आहे. म्हणून अरब राष्ट्रे ‘अद्-दुवल अल्-अरबिय्या’ अशी स्त्रीलिंगी एकवचनी विशेषण घेऊन येतात.

खरा पेच संख्येने पडतो. तीन ते दहा या संख्यांनंतर नाम अनेकवचनात येते आणि संख्यावाचक शब्दाचे लिंग नामाच्या उलट असते. हे लिंग अनेकवचनावरून ठरत नाही, एकवचनावरून ठरते. तीन वाक्ये शेजारी ठेवली की हे उलगडते. रस्त्यावर तीन नवी कार्यालये आहेत: ‘फिश्-शारिअ सलासतु मकातिब जदीदा’. मक्तब पुल्लिंगी, म्हणून संख्या स्त्रीलिंगी आकाराची, ‘सलासतु’. तीन नव्या शाळा आहेत: ‘फिश्-शारिअ सलासु मदारिस जदीदा’. मद्रसा स्त्रीलिंगी, म्हणून संख्या आखूड, ‘सलासु’. तीन नवे व्यापारी आहेत: ‘फिश्-शारिअ सलासतु तुज्जार जुदुद’. पहिल्या वाक्यात एकाच नामाच्या एका बाजूला संख्या त्याचे मूळ पुल्लिंग ओळखते, तर दुसऱ्या बाजूला विशेषण त्याला स्त्रीलिंगी मानते. संख्या एकवचनाकडे पाहते आणि विशेषण अनेकवचनाकडे. शिकणाऱ्यांच्या निम्म्या चुका या दोन नजरा एक समजल्याने होतात. जदीदा हा शब्द पाहून तो ‘सलासु मकातिब’ लिहून मोकळा होतो.

याच वाक्यांत आणखी एक बारीक खूण लपलेली असते, ती लेखनापेक्षा शुद्ध वाचनात दिसते. मकातिब, मफातीह, वुजरा, अंबिया या वजनांच्या शब्दांना, ‘अल्’ नसताना, शेवटचा ‘न’कार लागत नाही आणि षष्ठीच्या जागी ‘इ’ऐवजी ‘अ’ येतो. ‘पुस्तकांत’ म्हणताना ‘फी कुतुबिन’, पण ‘कार्यालयांत’ म्हणताना ‘फी मकातिब’ असे पूर्ण ‘अ’कारान्त. ‘अल्’ जोडले की शब्द पुन्हा सरळ होतो: ‘फिल्-मकातिबि’. आकाशवाणीवरच्या बातम्या किंवा धर्मग्रंथाचे पठण ऐकणाऱ्याला हा फरक कळतो. रोजच्या बोलण्यात शेवटचे स्वर गळतात, तेव्हा त्याची फिकीर कोणी करत नाही.

एकवचनी स्त्रीलिंगाचा नियम आधुनिक लेखी अरबीत जितका कडक आहे, तितका तो जुन्या भाषेत नव्हता. कुराणात ‘दिवस’ या एकाच अनेकवचनी शब्दाला ‘मोजके’ हे विशेषण एका ठिकाणी स्त्रीलिंगी एकवचनात आणि दुसऱ्या ठिकाणी स्त्रीलिंगी अनेकवचनात लागलेले आढळते. अनेक बोलींतही वस्तूंच्या अनेकवचनाला अनेकवचनी विशेषण चालते. परीक्षेत, वर्तमानपत्रात आणि सरकारी कागदात मात्र ‘कुतुब जुदुद’ ही चूकच धरली जाते.

कोशात शोधताना या सगळ्याचा उलटा उपयोगही होतो. हान्स वेर यांच्या सुप्रसिद्ध अरबी कोशात नामे धातूखाली लावलेली असतात आणि प्रत्येकापुढे त्याचे अनेकवचन दिलेले असते. वाचताना ‘मसाबीह’ असा अनोळखी शब्द आला, तर लघु-गुरू आणि शेवटचा दीर्घ ‘ई’ पाहून एकवचन मिस्बाहसारखे असावे हे ताडता येते, सुरुवातीचा ‘म’ उपसर्ग म्हणून सोडता येतो आणि स-ब-ह या धातूखाली तो शब्द सापडतो. अर्थ: दिवा.